बायोडेटातली ओळ आणि वेबसाइटवरचा परिच्छेद

नमस्कार, श्रोतेहो.

सोलापुरात नव्या पेठेत माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नाच्या पत्रिका, भाडेकरार, अर्ज आणि बायोडेटा, हे सगळं तिथं होतं. गेल्या काही वर्षांत एक नवीन काम यायला लागलंय. पोरं म्हणतात, "काका, बायोडेटा आहे, पण आता स्वतःची वेबसाइट करतोय. त्यावर 'माझ्याविषयी' असं पान लागतंय. ह्या ओळी जरा सलग करून द्या की." आज मी ह्या 'जरा'विषयीच बोलणार आहे.

मागच्या महिन्यात एक मुलगी आली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ती पावणेदोन वर्षं तपासणी खात्यात होती. आता तिला पुण्यात क्वालिटीचं काम बघायचं होतं. तिच्या बायोडेटात त्या नोकरीखाली टिंबं टिंबं देऊन पाच ओळी होत्या. सेकंड मालाचे प्रमाण ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणले. मागनिहाय दोषांची नोंदवही तयार केली. ४ चेकरच्या गटाचे नेतृत्व केले. निर्यातीच्या ऑर्डरची अंतिम तपासणी. शेवटी एक्सेल आणि टॅली.

तिनं घरून एक परिच्छेद लिहूनही आणला होता. तो असा: "टॉवेल उद्योगात गुणवत्तेची धुरा सांभाळताना मी अथक प्रयत्नांतून निकृष्ट मालाचं प्रमाण लक्षणीयरीत्या घटवलं आणि एका कुशल गटाचं नेतृत्व केलं." वाचायला गुळगुळीत आहे. पण सहा गेले, चार गेले, नोंदवही गेली. शिवाय 'सेकंड'चं 'निकृष्ट' झालं. मी विचारलं, सेकंड म्हणजे निकृष्ट का गं? ती हसली. म्हणाली, "नाही काका, सेकंड म्हणजे कुठं एखादा डाग, कुठं लूप ओढलेला. तो माल कमी भावात इथंच विकला जातो. टाकायचा माल वेगळा असतो." मग तो शब्द का बदललास? तर शाळेत शिकवलंय, एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये. निबंधात ठीक आहे ते. धंद्यातला शब्द बदलला की वस्तूच बदलते. चार ओळींत तीनदा सेकंड आलं तरी येऊ द्यावं. फार तर पहिल्यांदा येईल तिथं अर्ध्या वाक्यात अर्थ सांगावा.

आता मुख्य अडचण सांगतो. बायोडेटातल्या ओळीला कर्ता नसतो. 'प्रमाण ४ टक्क्यांवर आणले.' कुणी आणले? कागद तिचा आहे म्हणून आपण तिनंच आणलं असं धरतो. त्यात आपल्या मराठीची गंमत अशी, की 'आणले' हे क्रियापद प्रमाणाप्रमाणे चालतं, माणसाप्रमाणे नाही. त्यामुळे कर्ता गाळला तरी वाक्य लंगडं वाटत नाही. परिच्छेदात मात्र 'मी' लिहावं लागतं, आणि 'मी' लिहिलं की प्रश्न उभा राहतो, खरंच मी?

म्हणून परिच्छेद लिहायच्या आधी मी तिला पहिल्या ओळीबद्दल चार गोष्टी विचारल्या. सहा आणि चार कशातले? कधीचे? तू नेमकं काय केलंस? आणि त्याच वेळी दुसरं काय बदललं?

उत्तरं ऐकण्यासारखी होती. सहा टक्के फक्त बाथ टॉवेलचे, नॅपकिन त्यात नव्हते. ते ऑक्टोबर २०२२ मधले. चार टक्के मार्च २०२३ मधले. तिनं काय केलं, तर तपासणीच्या टेबलावर एक वही ठेवली. डागाचा टॉवेल आला की तो कुठल्या नंबरच्या मागावरून आला ते लिहायचं. आधी डागांचा नुसता आकडा लिहीत, मागाचा नंबर कुणी लिहीत नव्हतं. दोन महिन्यांत वहीत दिसलं, की तेलाचे निम्म्याहून जास्त डाग नऊ आणि चौदा नंबरच्या मागांवरून येतायत. तिनं ते फिटरला दाखवलं. त्यानं तेल कुठून गळतंय ते शोधून दोन्ही माग दुरुस्त केले. आणि चौथ्या प्रश्नावर जरा थांबून म्हणाली, "त्याच सुमाराला मालकांनी सुताचा पुरवठादार बदलला होता. नवीन सूत कमी तुटत होतं."

आता बघा. बायोडेटात ह्या गोष्टी वेगवेगळ्या टिंबांखाली असतात. टिंब काहीच जोडत नाही, म्हणून ते खोटंही बोलत नाही. परिच्छेद जोडतो. 'मी वही सुरू केली, त्यामुळे प्रमाण चारवर आलं.' ह्यातला 'त्यामुळे' कुठून आला? तो बायोडेटात नव्हता. वाक्य वाहतं राहावं म्हणून आपण तो घातला, आणि घालताना एक नवीन दावा केला. माझ्या अनुभवात आकडे चुकण्यापेक्षा ही चूक जास्त होते. 'म्हणून', 'त्यामुळे', 'परिणामी' हे शब्द परिच्छेदात आले की प्रत्येकाखाली पेन्सिलीनं रेघ मारायची आणि विचारायचं, हे मी दाखवू शकते का? नसेल दाखवता येत, तर 'त्यानंतर' लिहायचं. 'त्यानंतर' फक्त क्रम सांगतो. वाक्य तितकंच सलग राहतं.

आकड्यांचीही एक खोच आहे. दुसऱ्या खर्ड्यात तिनं लिहिलं, 'सेकंडचं प्रमाण २ टक्क्यांनी कमी झालं.' सहातून दोन गेले, चार राहिले, बरोबरच वाटतं. पण वाचणारा सहाचे दोन टक्केही काढू शकतो, ते होतात ०.१२. म्हणजे सहाचे ५.८८ झाले असंही कुणी समजेल. दुसऱ्या बाजूनं, घट एक तृतीयांश आहे, म्हणून '३३ टक्के घट' लिहिलं तर तेही खरंच, पण त्यात मूळ सहा दिसत नाही, आणि नुसते तेहतीस फार मोठे वाटतात. आम्ही टक्के हा शब्दच काढला. शंभर टॉवेलमागे सहा सेकंड निघत, ते चारवर आले. ह्यात कुणाचा गोंधळ होत नाही, आणि ऐकायलाही सोपं.

शेवटी झालेला परिच्छेद वाचून दाखवतो.

"जून २०२२ ते मार्च २०२४ मी सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये शंभर बाथ टॉवेलमागे सहा नग सेकंडमध्ये जात होते, पण दोष कुठल्या मागावरून येतो हे लिहून ठेवलं जात नव्हतं. मी मागाच्या नंबरानुसार वही सुरू केली. दोन महिन्यांत दिसलं, की तेलाचे निम्म्याहून जास्त डाग दोनच मागांवरून येतात. फिटरनं ते माग दुरुस्त केले. मार्च २०२३ मध्ये शंभरामागे सेकंड चार होते. त्याच काळात सुताचा पुरवठादारही बदलला होता, तेव्हा घटीतला किती भाग वहीमुळे हे मला वेगळं काढता येत नाही."

शेवटचं वाक्य तिला नको होतं. "काका, हे कशाला? माझंच कमी होतं ना." मी म्हटलं, क्वालिटीच्या कामासाठी माणूस बघणारा पहिल्यांदा हेच विचारेल, दुसरं काय बदललं होतं? उत्तर आधीच लिहिलेलं दिसलं तर त्याला कळेल की ही मुलगी आकडा कसा बघते. तिला कितपत पटलं माहीत नाही, पण वाक्य राहिलं.

नेतृत्वाच्या ओळीला तेवढा वेळ लागला नाही. नेतृत्व म्हणजे काय करत होतीस? पाळी सुरू होताना चार चेकरना कामाची वाटणी करायची. रजा आणि पगार सुपरवायझर बघायचे. मग वाक्य झालं, 'माझ्या पाळीत चार चेकरना कामाची वाटणी मी करत असे.' इथं 'करत असे' महत्त्वाचं. 'केली' म्हटलं तर एकदाच केली असं वाटतं. बायोडेटातल्या 'नेतृत्व केले' मध्ये रोजचं काम की एखाद्या वेळचं, हे कळायला मार्ग नाही. आपल्या भाषेत 'केलं', 'करत असे', 'करत आले आहे' असे वेगवेगळे काळ आहेत, ते वापरावेत. आणि 'आम्ही' कुठं, 'मी' कुठं, हेही ठरवून लिहावं. सगळीकडे 'आम्ही' लिहिलं तर ती विनयाची भाषा वाटते, पण वाचणाऱ्याला तुमचा वाटा शोधत बसावं लागतं.

'अंतिम तपासणी' ह्या शब्दात तर सरळ चूकच निघाली. निर्यातीच्या मालाचं फायनल इन्स्पेक्शन पार्टीचा माणूस येऊन करतो. तो लॉटमधले काही नग काढून बघतो आणि लॉट पास की नापास ते ठरवतो. ही मुलगी त्याच्या आधीची, कारखान्यातली तपासणी करत होती. बायोडेटात दोन शब्दांत ते खपून गेलं होतं. पूर्ण वाक्य लिहायला बसल्यावर 'कुणासमोर, कशाच्या आधी' हे सांगावं लागलं आणि ते उघड झालं. एक्सेल आणि टॅली मात्र आम्ही परिच्छेदात घेतलंच नाही. खाली एका ओळीत नुसती नावं ठेवली. अशा गोष्टींची वाक्यं करायला गेलं की 'एक्सेलवर माझं प्रभुत्व आहे' असलं काहीतरी होतं.

आणखी दोन खबरदाऱ्या. बायोडेटा आपण एका माणसाच्या हातात देतो, वेबसाइट कुणीही उघडतं, जुने मालकसुद्धा. म्हणून पार्टीचं नाव, मालाचा भाव असलं काही त्यात नको. आणि 'गेल्या वर्षी', 'सध्या' हे शब्द नकोत. पान तसंच पडून राहतं आणि 'गेल्या वर्षी'चं वर्ष सरकत जातं. महिना आणि साल लिहून टाकावं.

तपासायची माझी रीत साधी आहे. दोन दिवस जाऊ द्यायचे. मग बायोडेटा बाजूला ठेवून फक्त परिच्छेदावरून पुन्हा टिंबांच्या ओळी करायच्या, शक्यतो दुसऱ्या कुणाकडून. तिच्या धाकट्या भावानं केल्या. जुन्या आणि नव्या ओळी शेजारी ठेवल्या. 'बाथ टॉवेल' हा शब्द जुन्या ओळीत नव्हता, नव्यात आला. नेतृत्व गेलं, कामाची वाटणी आली. अंतिम तपासणी गेली. काही गळालंय का हे बघायला बसलो होतो, आणि भर पडलेलीच जास्त निघाली.

मग मी तिला म्हटलं, आता त्या फिटरला फोनवर वाचून दाखव. तिनं दुकानातूनच लावला. ते शांतपणे ऐकून घेत होते. मध्येच म्हणाले, "दोन कुठले पोरी? नऊ नंबरचा मी केला. चौदाला कंपनीचा मेकॅनिक बोलावला होता, विसरलीस का?" तिनं फोन चालू ठेवूनच पेन घेतलं. 'फिटरनं ते माग दुरुस्त केले' ह्यातला 'फिटरनं' खोडला आणि वर लिहिलं, 'ते माग दुरुस्त करून घेतले गेले'. मी मान हलवली, कारण त्यात पुन्हा कर्ता गेला. मग तिनं तेही खोडलं आणि लिहिलं, 'एक माग आमच्या फिटरनं आणि दुसरा बाहेरच्या मेकॅनिकनं दुरुस्त केला.'

नमस्कार.