टार्गेट, स्टॉपलॉस आणि मधली फट
(रत्नागिरी येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मित्रहो, आपल्याकडे आषाढात वीज आणि मोबाइलची रेंज बहुधा एकदमच जातात, त्यामुळे दिवसभर शेअरच्या भावाकडे डोळे लावून बसणे इथल्या माणसाला जमणारे नाही. ब्रॅकेट ऑर्डरमध्ये खरेदीबरोबरच नफ्याचे टार्गेट आणि तोटा रोखणारा स्टॉपलॉस जोडलेले असतात. पण ती त्याच दिवसाच्या व्यवहारापुरती असते आणि आपल्याकडे अनेक ब्रोकरांनी ती बंदच केली आहे. घेतलेला शेअर काही आठवडे ठेवणाऱ्यासाठी उरते ती जीटीटीमधली, म्हणजे ठरलेला भाव येईपर्यंत थांबून राहणारी, ओसीओ ऑर्डर. तिच्यातही टार्गेट आणि स्टॉपलॉस अशा दोन बाजू असतात. ती ब्रोकरच्या सर्व्हरवर राहते, त्यामुळे तुमचा फोन बंद असला तरी बिघडत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. ५०० रुपयांनी ४० शेअर घेतले. टार्गेट ५६०, स्टॉपलॉसचा ट्रिगर, म्हणजे ज्या भावाला विक्रीची ऑर्डर बाजारात जाते तो, ४७५ आणि विक्रीची लिमिट ४७३. हिशेब साधा वाटतो, की फार तर हजार-अकराशे रुपये जातील. रात्री कंपनीचे निकाल वाईट लागले आणि सकाळी सव्वानऊला भाव थेट ४६२ वर उघडला. ट्रिगर पेटला, ४७३ ची विक्री बाजारात गेली. पण ४६२ चा भाव चालू असताना ४७३ देणार कोण? ऑर्डर नुसती पडून राहिली. अनेक ब्रोकरांकडे एक बाजू पेटताच दुसरी रद्द होते, विक्री पूर्ण होण्याची वाट पाहिली जात नाही. म्हणजे टार्गेटही गेले. साडेतीनला पडून राहिलेली ऑर्डरही बाद झाली, आणि दुसऱ्या दिवशी ते ४० शेअर कोणत्याही संरक्षणाविना उरले. मालक मात्र आपला स्टॉपलॉस लागून गेला अशा समजुतीत.

उपाय लिमिटमध्ये आहे. ट्रिगर ४७५ ठेवून लिमिट ४५५ दिली, तर शेअर ४५५ लाच विकले जातील असे अनेकांना वाटते, पण तसे होत नाही. लिमिट ही किमान किंमत असते, वरचा भाव देणारा खरेदीदार उभा असेल तर तोच मिळतो. पुरेसे खरेदीदार असल्यास वरच्या प्रसंगी साधारण ४६२ ला विक्री होऊन १,५२० रुपयांचा तोटा झाला असता. ठरवल्यापेक्षा तो जास्त आहे, पण निदान सुटका झाली असती. म्हणून ट्रिगर आणि लिमिट यांच्यातील अंतर त्या शेअरच्या स्वभावावरून ठरवावे. निकालाच्या आधी ते वाढवावे. लोअर सर्किट, म्हणजे त्या दिवसाच्या घसरणीची मर्यादा, लागून खरेदीदारच उरला नाही, तर हीही युक्ती चालत नाही.

आणखी एक अडचण इकडे वारंवार आढळते. डिमॅटमधील शेअर विकण्याची परवानगी, म्हणजे डीडीपीआय किंवा टीपिनची मंजुरी, दिलेली नसेल, तर ट्रिगर बरोबर पेटूनही विक्री नाकारली जाते. म्हणून ट्रिगर पेटल्याचा संदेश आला, की रेंज मिळताच ऑर्डर बुक उघडून पाहावे: तिथे ‘पूर्ण’ असे दिसले तरच शेअर विकले गेले आहेत. ‘प्रलंबित’ दिसल्यास लिमिट स्वतः खाली आणावी, ‘नाकारली’ दिसल्यास मंजुरी देऊन विक्री पुन्हा टाकावी.