पावसाळ्याआधी स्लीपिंग बॅग

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्यात हिमालयातला ट्रेक करून आलात, सॅक रिकामी केली आणि स्लीपिंग बॅगेच्या गळ्याशी घामाचा, तेलाचा काळपट पट्टा दिसला. साहजिकच हात साबणाकडे जातो. पण आधी कॅलेंडर बघा. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमाराला येतो. जाड बॅग, त्यातही पिसांची, वाऱ्यावर पूर्ण वाळायला तीन-चार दिवस सहज घेते. तेवढी कोरडी उन्हं हाताशी नसतील तर यंदा धुऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. मळकी पण कोरडी बॅग पावसाळा काढते. स्वच्छ पण आतून दमट बॅग काढत नाही.

अशा वेळी फक्त गळा आणि टोपी धुवायची. तिथलं कापड चिमटीत धरून आतल्या पिसांपासून वेगळं ओढायचं, कोमट पाण्यात सौम्य लिक्विड घेऊन जुन्या टूथब्रशने हलकं घासायचं, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. मग चेन उघडून, बॅग उलटी करून दोन दिवस पंख्याखाली ठेवायची. पूर्ण धुणं ऑक्टोबरच्या उन्हावर सोडा, म्हणजे पुढच्या सीझनलाही ती तयार असेल.

उन्हं हाताशी असतील, तर मात्र धुवा. पिसांसाठी वेगळं लिक्विड मिळतं, तेच घ्या. कपड्यांची नेहमीची पावडर पिसांवरचं नैसर्गिक तेल काढून टाकते आणि मग पिसं पूर्वीसारखी फुलत नाहीत. सॉफ्टनर नको, ब्लीच नको, ड्रायक्लीनिंगही नको. चेन लावून बॅग मोठ्या टबात बुडवायची आणि तळव्यांनी दाबत राहायचं. पिळायचं अजिबात नाही. फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलायचं, कारण राहिलेला साबण पिसांना चिकटवून ठेवतो. बाहेर काढताना एका टोकाला धरून उचलू नका. पाण्याने जड झालेल्या पिसांच्या ओझ्याने आतले पातळ पडदे फाटतात आणि मग सगळी पिसं एका कोपऱ्यात जमतात. खालून दोन्ही हात घालून, बाळाला उचलावं तशी उचला.

आता वाळवणं. खरी गफलत इथेच होते. बॅग दोरीवर लटकवू नका, जाळीच्या स्टँडवर आडवी पसरा, सावलीत पण वाऱ्याला. कडक ऊन नायलॉनला सोसत नाही. दर दोन-तीन तासांनी उलटायची आणि ओल्या पिसांचे गोळे बोटांनी हळूहळू सुटे करायचे. जवळपास ड्रायर असलेली लॉन्ड्री असेल तर उत्तमच. मोठा ड्रायर, सर्वांत कमी उष्णता, सोबत स्वच्छ टेनिसचे दोन-तीन चेंडू; ते पिसांना ठोकत राहतात. उष्णता वाढवली तर नायलॉन खराब होऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी कापड हाताला कोरडं लागतं आणि आपण फसतो. म्हणून धुण्याआधीच, कोरड्या दिवशी, सामान तोलायच्या काट्यावर बॅगेचं वजन करून लिहून ठेवा. समजा ते ११५० ग्रॅम होतं आणि धुतल्यावर दुसऱ्या संध्याकाळी काटा १२४० दाखवतो. म्हणजे नव्वद ग्रॅम, जवळपास अर्धी वाटी पाणी अजून आत आहे. हाताला ते कळणार नाही. जुलैत वास येईल तेव्हाच कळेल. वजन जुन्या आकड्याच्या जवळ येईपर्यंत वाळवत राहा. वजन लिहायचं राहून गेलं असेल तर बॅग खिडकीच्या उजेडासमोर धरा. कप्प्यात गडद डाग दिसले तर ते अजून न सुटलेले ओले गोळे असतात.

ठेवताना ट्रेकची ती छोटी घट्ट पिशवी वापरू नका. त्यात महिनोन् महिने दाबून राहिलं की पिसांचा फुलारा कमी होतो. कृत्रिम तंतूच्या बॅगेत तर तंतू कायमचे चेपतात आणि धुऊनही उभे राहत नाहीत. रजईची जुनी सुती खोळ घ्या आणि बॅग त्यात सैल टाका. प्लॅस्टिक नको, त्यात असेल तो दमटपणा आत कोंडतो. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांचा वास पुढच्या ट्रेकपर्यंत पाठ सोडत नाही.

खोळ ठेवायची कुठे? आपल्याकडे जागेची मारामार, म्हणून अशी वस्तू सहसा बाथरूमवरच्या माळ्यावर किंवा दिवाणाच्या पेटीत जाते. या दोन्ही जागा बुरशीला फार आवडतात. त्यापेक्षा घरातल्या आतल्या भिंतीवरच्या कपाटात, हँगरला लटकवा. बाहेरच्या भिंतीला पावसात ओल येते, तिथे नको. आणि श्रावणात ऊन-पावसाच्या खेळात चार तास कोरडे मिळाले तर खोळ काढून बॅग पंख्याखाली पसरा आणि नाकाजवळ धरून बघा. कुबट वास येत असेल तर परत तशीच ठेवू नका, त्याच दिवशी ड्रायरला न्या. काळे ठिपके पडले असतील तर ते सहसा जात नाहीत. वास जाऊ शकतो, पण त्यासाठी ऑक्टोबरात पुन्हा धुणं आलंच.