गड्डा यात्रेचा खर्च कोणत्या महिन्यात धरायचा?

मंडळी, नवरा-बायकोनं महिन्यातून एकदा पैशाला बसावं हे तुम्हाला पटलंय, म्हणून तर आलात. अडतं ते बसून काय बघायचं इथं. बहुतेक घरांत सुरुवात भाजी-किराण्यापासून होते आणि दहाव्या मिनिटाला भांडण लागतं. मी सांगते, उलटं करा. ज्या कामासाठी साठवताय, त्याचे आजपर्यंत किती जमायला हवे होते आणि खात्यात किती आहेत, एवढंच आधी बघा. फरक पडला असेल तरच खर्चाकडे वळा.

समजा, सोलापुरातलं एक जोडपं आहे. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, ती घरी शिलाईकाम करते. मुलीच्या डिप्लोमासाठी २४ महिन्यांत ९६,००० जमवायचे, म्हणजे महिन्याला ४,०००. सप्टेंबरपासून सुरुवात केली. जानेवारी संपता २०,००० हवे होते, पासबुकात निघाले १३,५००. मग ६,५०० गेले कुठं? दोघांचे मोबाइल आणि पासबुक समोर ठेवून शोधलं. गड्डा यात्रेला ३,०००, गाडीच्या विम्याला १,५००, भाच्याच्या लग्नातल्या आहेराला २,०००. यातलं काहीच उधळपट्टी नव्हे. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची ही गड्डा यात्रा दरवर्षी भरते, विमाही दरवर्षी येतो. फक्त महिन्याच्या हिशेबात त्यांना जागाच नव्हती.

म्हणून त्यांनी वर्षातून एकदा-दोनदा येणारे सगळे खर्च एका कागदावर मांडले. जूनमधली शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गड्डा, आहेर, विमा. बेरीज २४,००० झाली, म्हणजे महिन्याला २,०००. आता त्याच ४,००० मध्ये दोन्ही बसेनात. बाहेरचं खाणं आणि मोबाइलवरची खरेदी कमी करून १,२०० निघाले, त्याहून जास्त ओढलं तर दोन महिन्यांत सगळंच सुटेल, असं तिनं स्पष्ट सांगितलं. मला तिचं म्हणणं पटतं. मग वर्षाच्या खर्चांसाठी महिन्याला २,००० वेगळ्या खात्यात आणि मुलीसाठी ३,२००. उरलेल्या १९ महिन्यांत ६०,८०० होतील, आधीचे धरून ७४,३००. साधारण २१,७०० कमी पडणार. पण हे १९ महिने आधी कळलं. शिष्यवृत्तीची चौकशी, शिलाईचे दर वाढवणं, दिवाळीच्या बोनसातला वाटा, सगळ्याला अजून वेळ आहे.

बसायचं कधी, तर पगार झाल्यावर दोन-चार दिवसांनी, वीस मिनिटं. पगाराच्या रात्री नको, तेव्हा हातात पैसे दिसतात आणि आकडे मोठे ठरतात. दोघांनाही थोडी रक्कम अशी ठेवा की जिचा हिशेब कुणी विचारायचा नाही. हे गाळलं की बैठक म्हणजे उलटतपासणी होऊन बसते. ते ओळखायचं कसं? एटीएममधून रोख काढणं वाढलं, "किरकोळ" या नावाखाली आकडा फुगत चालला, की समजा, आपल्या माणसाला सांगायची भीती वाटू लागलीय. अशा महिन्यात वही बाजूला ठेवा आणि ती बिनहिशेबी रक्कम वाढवायची का, एवढंच बोला.