बार्ज ‘1.8’ने खाली गेली. पण 1.8 काय?

(पडद्यावर गणित)

हे गणित एकदा नीट वाचा. ‘मांडवीत आमोण्याच्या जेटीला एक बार्ज उभी आहे. तिचा तळ आयताकृती, 60 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद. खनिज भरल्यावर ती 1.8 ने खाली गेली. किती टन खनिज भरलं?’

यात दोन गोष्टी गायब आहेत. 1.8 ला एकक नाही, आणि पाण्याची घनता कुठेच दिलेली नाही. बहुतेक जण घनतेवर अडतात. खरा धोका मात्र एककाचा आहे, आणि तो का, ते आकडेच दाखवतील.

आधी एकही आकडा न घालता सूत्र लिहा. बार्ज तरंगते आहे, म्हणजे जेवढं खनिज चढलं तेवढ्याच वस्तुमानाचं जादा पाणी तिने बाजूला सारलं.

`m = ρ × A × h`

ρ म्हणजे घनता, A तळाचं क्षेत्रफळ, h बार्ज किती खाली गेली ते. g दोन्ही बाजूंना होता, तो उडाला. ‘g दिलेला नाही’ म्हणून घाबरलेल्यांची काळजी इथेच मिटली. उत्तर न्यूटनमध्ये मागितलं असतं, तरच 9.8 घ्यायचा की 10 हा प्रश्न आला असता.

आता एकक. A आहे 60 गुणिले 12, म्हणजे 720 चौरस मीटर. गोड्या पाण्याची घनता धरली तर बार्ज एक सेंटिमीटर खाली जायला 7.2 टन माल लागतो. हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, सगळी पारख त्याच्यावर होणार आहे.

1.8 सेंटिमीटर असेल, तर माल झाला जेमतेम 13 टन. एवढ्यासाठी 60 मीटरची बार्ज कोण जेटीला लावेल? सेंटिमीटर बाद. फूट असेल, तर 1.8 फूट म्हणजे साधारण 55 सेंटिमीटर, आणि माल 395 टन. मीटर असेल, तर 1296 टन. यातलं कुठलंच उत्तर अशक्य नाही. अर्धवट भरलेली बार्जही असतेच की! म्हणजे नुसत्या अंदाजाने फूट बाद होत नाही. तिथे शेजारचे आकडे बघायचे. लांबी मीटरमध्ये, रुंदी मीटरमध्ये, मग तिसरं मापही मीटरमध्येच असणार. हे गृहीतक आहे, सिद्ध केलेली गोष्ट नाही, म्हणून उत्तराआधी एक ओळ लिहायची: ‘h = 1.8 मीटर धरले आहे.’ ती ओळ नसेल, तर तपासणाऱ्याला तुमचा 1296 कुठून आला ते कळणार नाही.

आता घनता. गोडं पाणी 1000 किलोग्रॅम प्रति घनमीटर, समुद्राचं साधारण 1025. मांडवी भरती-ओहोटीची नदी. पावसात ती गोडी होते, उन्हाळ्यात खारं पाणी आत खूप वर चढतं. मग घ्यायचं काय? दोन्ही घेऊन बघा. 1000 ने 1296 टन, 1025 ने 1328 टन. फरक 32 टनांचा.

आता 1.8 कडे परत या. त्यात दोनच सार्थक अंक आहेत. म्हणजे खरी खोली 1.75 ते 1.85 मीटरच्या मधे कुठेही असू शकते. पाच सेंटिमीटर इकडेतिकडे, म्हणजे 36 टन इकडेतिकडे. घनतेमुळे पडणारा फरक मोजमापातल्या अनिश्चिततेत बुडून गेला! दोन सार्थक अंकांत दोन्ही उत्तरं 1300 टनच येतात. तेव्हा ‘घनता 1000 धरली’ असं लिहा आणि पुढे चला. (तळापासून वरपर्यंत बाजू सरळ उभ्या आहेत, हेही आपण गुपचूप धरलंच आहे. खऱ्या बार्जेचं नाक निमुळतं असतं.)

पण हीच सवय पुढच्या गणितात घात करते. ‘तीच बार्ज गोड्या पाण्यात एकूण 3.0 मीटर बुडालेली होती. मुरगावला समुद्रात आल्यावर ती किती वर येईल?’ इथेही घनता दिलेली नाही. दोन्हीकडे 1000 धरलंत तर उत्तर शून्य येतं, कारण ही बार्ज वर येते तीच मुळी घनतेतल्या फरकामुळे. इथे h म्हणजे गोड्या पाण्यात बार्ज एकूण किती बुडाली ते, ρ₁ गोड्या पाण्याची घनता आणि ρ₂ समुद्राच्या पाण्याची. बार्ज किती वर येईल, ते आधी अक्षरांत लिहा:

`h × (1 − ρ₁/ρ₂)`

ही ओळ कुठलीही घनता माहीत नसताना बरोबर आहे. मग 1000 आणि 1025 धरल्याचं नोंदवून आकडे घाला. उत्तर येतं साधारण 7 सेंटिमीटर. आणि मधेच गोल आकडे करू नका. समुद्रातली खोली 2.93 मीटर येते. तिची आधीच 2.9 केलीत आणि मग 3.0 मधून वजा केलीत, तर बार्ज 10 सेंटिमीटर वर आलेली दिसेल.