गालावरचं ऊन

नमस्कार श्रोतेहो. आज ल्युपस या आजाराबद्दल बोलू. पोलीस भरतीच्या मैदानावर पळणारी बावीस वर्षांची एक मुलगी. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. उन्हाळ्यात तिच्या हाताची बोटं दुखायला लागली. सकाळी उठल्यावर तासभर मूठच वळायची नाही, भाकरी थापणं आईवर गेलं. घरचे म्हणाले, जास्त पळतेस म्हणून होतंय. पण पळण्यानं गुडघे, घोटे दुखतील. दोन्ही हातांची बोटं सकाळीच का आखडतील?

मग गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर लालसर चट्टा आला. मेडिकलमधून अ‍ॅलर्जीचं मलम आणलं, ते लावून चट्टा फिका व्हायचा, मैदानावर गेली की परत यायचा. आपल्याकडे गालावर डाग दिसला की वांग म्हणून सोडून देतात. वांग तपकिरी असतं, ते दुखत नाही, उष्ण लागत नाही. ल्युपसचा चट्टा किंचित उंच आणि गरम लागतो, सावळ्या कातडीवर तो लाल दिसण्याऐवजी जांभळट दिसू शकतो, आणि नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी बहुधा कोरी सोडतो. ही घडी मी नेहमी आधी पाहतो. तिचं तोंड उघडून पाहिलं, तर टाळूवर एक व्रण होता. तो दुखत नव्हता, त्यामुळे तिला माहीतच नव्हता.

थकवा मात्र तिला नीट सांगता येत नव्हता. "आठ तास झोपूनही अंग उठत नाही," एवढंच ती म्हणाली. पळणाऱ्या मुलीच्या तोंडी हे वाक्य आलं की मी थांबून ऐकतो.

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. दहा रुग्णांमध्ये साधारण नऊ स्त्रिया असतात, त्यातही बहुतेकींना पंधरा ते पंचेचाळीस या वयात त्रास सुरू होतो. तपासणीची सुरुवात या अँटिबॉडी शोधणाऱ्या एएनए या रक्तचाचणीने होते. इथे एक गैरसमज फार होतो. एएनए पॉझिटिव्ह आला म्हणजे ल्युपस झाला, असं नाही. निरोगी माणसांमध्येही कमी प्रमाणात तो पॉझिटिव्ह येतो. रिपोर्टवर १:८० असं कमी प्रमाण असेल आणि बाकी काही तक्रार नसेल, तर केवळ त्या कागदावरून औषध सुरू करू नये. उलट, एएनए निगेटिव्ह असेल तर ल्युपसची शक्यता खूपच कमी होते.

या मुलीचा एएनए १:६४०, म्हणजे बराच जास्त होता. पुढच्या तपासण्या मग अर्थ सांगू लागल्या: डीएनएविरुद्धच्या डीएस-डीएनए अँटिबॉडी वाढलेल्या, सी-३ आणि सी-४ ही प्रतिकारशक्तीची प्रथिनं कमी, पांढऱ्या पेशीही कमी, ३२००. डीएस-डीएनए वाढून सी-३ कमी होत असेल, तेव्हा मी मूत्रपिंडाकडे बारकाईनं पाहतो. तिच्या लघवीत प्रथिनं नव्हती, हे तिचं नशीब. लघवीला फेस येणं, पायांवर सूज, रक्तदाब वाढणं, ही लक्षणं दिसली तर लघवीची चाचणी त्याच आठवड्यात करा. एएनए पुन्हा पुन्हा करण्यात पैसे घालवू नका. पाळत ठेवायची ती डीएस-डीएनए, सी-३ आणि लघवीवर.

आता उन्हाबद्दल. अतिनील किरणांनी कातडीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या आत दडलेले केंद्रकाचे घटक बाहेर उघडे पडतात. निरोगी शरीर तो कचरा शांतपणे उचलून नेतं. ल्युपसमध्ये तयार अँटिबॉडी त्याच घटकांना जाऊन चिकटतात, दाह पेटतो, आणि तो कातडीपुरता राहत नाही. सांधे, ताप, कधी मूत्रपिंडापर्यंत जातो. शिवाय परिणाम कित्येकदा काही दिवसांनी, क्वचित दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. त्यामुळे लग्नाच्या वरातीत झालेलं ऊन आणि नंतर आलेला ताप यांची सांगड कुणी घालत नाही.

स्कूटीवर तोंडाला बांधलेली पातळ ओढणी ऊन पूर्ण अडवत नाही; उजेडाकडे धरून पाहा, विणीतून प्रकाश दिसला तर किरणंही येतात. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड आणि पूर्ण बाह्या घ्या. सनस्क्रीन एसपीएफ ५० चं असावं, शिवाय त्यावर पीए आणि पुढे तीन-चार अधिक चिन्हं असावीत, कारण एसपीएफ मुख्यतः एकाच प्रकारच्या किरणांचं मोजमाप आहे आणि दुसऱ्या प्रकारची किरणं खिडकीच्या काचेतूनही येतात. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतकं क्रीम लागतं, मटारएवढ्या थेंबानं काम होत नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत लावा. ऊन टाळल्यामुळे ड जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून ते तपासून गोळीनं भरून काढावं लागतं.

तिला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दिलं. वजन अठ्ठेचाळीस किलो, किलोमागे दिवसाला पाच मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, म्हणून रोज २०० मिलिग्रॅमची एक गोळी. सुरुवातीला डोळ्यांचा पडदा तपासून घेतला. हे औषध सावकाश चालतं, गुण यायला दोन-तीन महिने लागतात, आणि तिसऱ्याच आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून ते सोडणाऱ्या मुली मला सारख्या भेटतात. गर्भारपणातही ते सहसा चालू ठेवतात, तेव्हा दिवस गेले म्हणून स्वतःहून बंद करू नका.

ती अजून पळते. उजाडायच्या आत मैदान आटोपते, आणि दर तीन महिन्यांनी लघवीची तपासणी करून रिपोर्ट दाखवायला येते.