लेव्होडोपाची गोळी तीच, अंमल मात्र आखूड का?

पडद्यावरची ही रेषा पार्किन्सनच्या आजारावरील लेव्होडोपा या औषधाची एक गोळी घेतल्यानंतर रक्तातले औषध कसे उतरत जाते ते दाखवते. मेंदूबाहेर लेव्होडोपाचे रूपांतर रोखणाऱ्या कार्बिडोपासोबत घेतलेल्या लेव्होडोपाचे रक्तातील प्रमाण साधारण दीड तासाने निम्मे होते. सकाळी ९ वाजता ते १०० भाग धरले, तर साडेदहाला ५० आणि १२ वाजता २५ भाग उरतात. पार्किन्सनच्या रुग्णात ही रेषा पहिल्या वर्षी आणि दहाव्या वर्षी जवळजवळ सारखीच असते. तरीही सुरुवातीला दिवसातून तीन गोळ्यांवर दिवसभर हालचाल सुरळीत राहते, एखादी गोळी चुकली तरी फारसे जाणवत नाही. आणि काही वर्षांनी त्याच गोळीचा अंमल तीन तासांत ओसरतो. म्हणजे बदल रक्तात नाही, मेंदूत झालेला असतो.

निरोगी मेंदूत, आणि आजाराच्या सुरुवातीलाही, हालचालींसाठी लागणारे डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या पेशींची टोके लेव्होडोपाचे डोपामिन करतात, ते सूक्ष्म पुटिकांमध्ये साठवतात, गरजेप्रमाणे सोडतात आणि उरलेले परत आत ओढून घेतात. त्यामुळे रक्तातले प्रमाण चढले-उतरले तरी हालचालींचे नियमन करणाऱ्या स्ट्रायटम या मेंदूच्या भागाला मिळणारे डोपामिन बरेचसे स्थिर राहते. ही टोके आजाराने नष्ट होत जातात, तशी ही साठवण संपत जाते. मग लेव्होडोपाचे रूपांतर मोठ्या प्रमाणात सेरोटोनिन हे दुसरे रसायन बनवणाऱ्या पेशींमध्ये होऊ लागते. त्यांच्याकडे रूपांतर करणारे विकर आहे, पुटिकाही आहेत. पण सोडलेले डोपामिन मोजून स्वतःला आवर घालणारा रिसेप्टर नाही आणि ते परत ओढून घेणारी यंत्रणाही नाही. औषध आले की डोपामिन उसळते, औषध संपले की तेही संपते.

पण साठवण हे अर्धेच उत्तर आहे. अपोमॉर्फिन हे औषध साठवले जात नाही, ते थेट डोपामिन स्वीकारणाऱ्या पेशींच्या रिसेप्टरवर काम करते. तरीही आजार वाढल्यावर त्याचाही अंमल आखूड होतो. यावरून डोपामिन स्वीकारणाऱ्या पेशीही बदलल्या आहेत हे कळते. दीर्घकाळ डोपामिनला मुकलेल्या आणि मग दिवसातून अनेकदा त्याचा लोंढा झेलणाऱ्या या पेशी, विशेषतः डी-१ रिसेप्टर असलेल्या, थोड्याशा डोपामिनलाही अतिरेकी प्रतिसाद देऊ लागतात. परिणामी हालचालीला वाट देणारा मार्ग गरजेपेक्षा अधिक खुला होतो, आणि मान, हात, धड आपोआप हलू लागतात.

आता एक कल्पित रुग्ण घेऊ. हालचाल सुरळीत राहण्यासाठी त्याला किमान २५ भाग औषध लागते, आणि ८० भागांच्या वर अनैच्छिक हालचाली सुरू होतात. १०० भागांपासून उतरताना तो सुमारे अर्धा तास ८०च्या वर असतो आणि तीन तासांनी २५ला पोचतो. चांगला काळ अडीच तासांचा. मात्रा दुप्पट केली, तर २०० भागांपासून २५ला यायला साडेचार तास लागतात. पण ८०च्या वरचा काळही आता दोन तासांचा होतो. मिळवलेला दीड तास पूर्णपणे अनैच्छिक हालचालींत गेला. चांगला काळ अडीच तासच राहिला. पुढे वरची मर्यादा ५०वर घसरली, तर तो दीड तासच उरतो. मोठी मात्रा या दोन मर्यादांमधले अंतर वाढवू शकत नाही. म्हणूनच लहान मात्रा जवळजवळ देणे, किंवा पंपाने लहान आतड्यात औषध सतत सोडून पातळी या दोन मर्यादांमध्ये धरून ठेवणे, हे उपाय तर्काला धरून आहेत.

मग औषध उशिरा सुरू करावे का? लवकर सुरू केले तर हे त्रास लवकर येतील, ही भीती समजण्यासारखी आहे, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात एमपीटीपी हे विषारी रसायन मिसळलेले अमली द्रव्य घेतलेल्या काही तरुणांच्या डोपामिन पेशी झपाट्याने नष्ट झाल्या. लेव्होडोपा सुरू केल्यावर त्यांच्यात काही महिन्यांतच अंमल आखूड होणे आणि अनैच्छिक हालचाली हे दोन्ही त्रास दिसले. घानातल्या ज्या रुग्णांना औषध उशिरा मिळाले, त्यांच्यातही हे त्रास आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर आले. औषधाची वर्षे नव्हे, तर पेशींचा ऱ्हास इथे अधिक निर्णायक ठरतो. दिवसाची एकूण मात्रा मोठी असणे मात्र धोका वाढवते, हेही विसरता येणार नाही.

रुग्णाच्या घरच्यांनी ठेवलेली वेळांची नोंद इथे मोलाची असते. अनैच्छिक हालचाली गोळीनंतर सुमारे तासाभराने, अंमल पूर्ण असताना येत असतील, तर पातळी वरच्या मर्यादेपलीकडे गेलेली असते. पण अंमल चढताना आणि पुन्हा उतरताना, बहुधा पायांत येत असतील, तर त्या वेळी पातळी अपुरी असते, आणि मात्रा घटवल्यास त्रास वाढू शकतो. दोन्ही प्रकार दिसायला सारखे, उपचार मात्र उलट दिशेचे. म्हणून मात्रेतला बदल ही नोंद पाहून डॉक्टरांनीच करायचा असतो.