जास्त उसळणाऱ्या शेअरला कमी मोबदला का?

फळ्यावर मी दोनच शेअर लिहिलेत. कंपन्या काल्पनिक आहेत, आकडे हिशेबाला सोपे पडावेत असे घेतलेत. पहिली औषध-संशोधनातली. तिचा वार्षिक परतावा सरासरीपासून साधारण 40 टक्के खाली-वर होतो. दुसरी ट्रक बनवणारी, तिची अस्थिरता 32 टक्के. कोणाकडून जास्त परताव्याची अपेक्षा ठेवावी, असं मघाशी विचारलं तेव्हा बहुतेक हात औषध कंपनीसाठी वर झाले. जोखीम मोठी तर मोबदला मोठा, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. विल्यम शार्प यांनी 1964 साली मांडलेलं सीएपीएम, म्हणजे कॅपिटल अ‍ॅसेट प्रायसिंग मॉडेल, विचारतं की जोखीम कुठली?

औषध कंपनीचा शेअर कशाने पडतो? नव्या गोळीची चाचणी फसली, पेटंटचा खटला हरला. बाकीच्या बाजाराला त्याचं सोयरसुतक नसतं. ट्रकचं तसं नाही. व्याजदर चढले, मालवाहतूक मंदावली की ट्रकची मागणी आटते आणि त्याच तडाख्यात बँका, सिमेंट, पोलादही सापडतात. बाजाराबरोबरची ही हालचाल मोजायचं माप म्हणजे बीटा: बाजाराशी सहसंबंध गुणिले शेअरची अस्थिरता, भागिले बाजाराची अस्थिरता. सहसंबंध म्हणजे दोघं किती जोडीने हलतात त्याचा आकडा: काहीच नातं नसेल तर 0, पूर्ण जोडीने हलत असतील तर 1.

बाजाराची अस्थिरता 16 टक्के धरू. औषध कंपनीचा सहसंबंध 0.2 असेल तर 0.2 × 40 ÷ 16, म्हणजे बीटा 0.5. ट्रकचा सहसंबंध 0.65 असेल तर 0.65 × 32 ÷ 16, म्हणजे 1.3. आता सूत्र:

अपेक्षित परतावा = बिनजोखमीचा दर + बीटा × (बाजाराचा अपेक्षित परतावा − बिनजोखमीचा दर)

सरकारी रोखे 7 टक्के देतात आणि बाजाराकडून 12 ची अपेक्षा आहे असं धरलं, तर औषध कंपनीच्या वाट्याला 9.5 टक्के येतात आणि ट्रकच्या वाट्याला 13.5. जास्त उसळणाऱ्या शेअरला कमी!

हे अन्यायाचं वाटतं, म्हणून औषध कंपनीची जोखीम फोडून बघू. हा हिशेब आकड्यांचे वर्ग घेऊन करावा लागतो. 40 चा वर्ग 1600. त्यात बाजाराचा वाटा म्हणजे बीटा गुणिले 16, अर्थात 8 चा वर्ग, 64. उरलेले 1536 कंपनीचे स्वतःचे, त्यांचं वर्गमूळ जवळपास 39. अशा 30 वेगवेगळ्या कंपन्यांचे शेअर सारख्या रकमेने घेतले आणि त्यांच्या घरगुती भानगडी एकमेकींपासून खरोखर स्वतंत्र असल्या, तर एकीची चाचणी फसते तेव्हा दुसरीची पास होते आणि ते 39 घटून 7 च्या आसपास येतात. शंभर घेतले तर 4 च्या खाली. बाजाराकडून आलेले 8 मात्र हजार शेअर घेतले तरी तसेच राहतात. पाठ्यपुस्तकं या उरणाऱ्या जोखमीला ‘पद्धतशीर जोखीम’ म्हणतात. शब्द फसवा आहे, मी बाजारजोखीम म्हणतो.

विखुरून नाहीशी होणाऱ्या जोखमीचे पैसे बाजार का देत नाही, हे किमतीतून दिसतं. समजा औषध कंपनीचा शेअर आज 100 रुपयांना आहे, लाभांश नाही आणि वर्षाने सरासरी 114 ची अपेक्षा आहे. म्हणजे परतावा 14 टक्के. ज्याच्याकडे आधीच शंभर वेगवेगळ्या कंपन्यांचे शेअर आहेत त्याला यात फक्त 0.5 बीटाचा भार दिसतो, ज्याला 9.5 टक्के पुरे. तो खरेदी करतो, भाव चढतो आणि 104 रुपयांच्या थोडा वर गेला की परतावा 9.5 वर येऊन टेकतो. आडव्या अक्षावर बीटा, उभ्यावर अपेक्षित परतावा घेऊन असे सगळे शेअर मांडले की जी सरळ रेघ मिळते ती सिक्युरिटी मार्केट लाइन. रेघेच्या वर असलेला शेअर स्वस्त, खालचा महाग. एकच शेअर कवटाळून बसलेल्याला मात्र पूर्ण 40 टक्क्यांचे धक्के बसतात, आणि मोबदला 9.5 चाच.

आता कागदावरून जमिनीवर. ब्लॅक, जेन्सन आणि शोल्स या अर्थतज्ज्ञांनी न्यूयॉर्कच्या बाजारातले 1926 ते 1966 चे परतावे तपासून 1972 साली दाखवलं की प्रत्यक्षातली रेघ मॉडेलपेक्षा सपाट आहे: कमी बीटाचे शेअर अपेक्षेहून जास्त देतात, जास्त बीटाचे कमी.

शिवाय बीटा आपण मागच्या आकड्यांतून काढतो. साठ महिन्यांचे परतावे घेऊन औषध कंपनीचा बीटा 0.5 आला, तरी तिच्या स्वतःच्या गोंगाटामुळे त्यातली प्रमाणित चूक, म्हणजे अंदाज साधारण किती हुकू शकतो त्याचं माप, 0.3 च्या वर जाते. खरा बीटा शून्याच्या जवळ असू शकतो किंवा 1 च्याही. आणि ज्या शेअरमध्ये दिवसेंदिवस सौदेच होत नाहीत, त्याचा भाव बाजारामागून रखडत हलतो, त्यामुळे रोजच्या आकड्यांवरून काढलेला बीटा खोटाच कमी दिसतो. ओळखायचं कसं? तोच बीटा आठवड्याच्या आणि मग महिन्याच्या परताव्यांवरून काढा. प्रत्येक वेळी तो वर सरकत असेल, तर रोजचा आकडा फेकून द्या.